मीटरचा फोटो नाही म्हणून हजार युनिट?

खोली सोडताना घरमालक म्हणाले, "सर, लाइटचे हजार युनिट झाले. दहा रुपयांनी दहा हजार." राहायला आलो त्या दिवशी सब-मीटरचा फोटो मी काढला होता, पण पावसाळ्यात मोबाइल भिजून बंद पडला आणि फोटोही गेला. सुरुवातीचं रीडिंग त्यांच्याकडेही लिहिलेलं नव्हतं, तरी हजार हा आकडा ते ठामपणे सांगत होते. वर, "फोटो असेल तर दाखवा," हे चारचौघांत. एक पंखा, एक ट्यूब, मोबाइलचा चार्जर आणि कधीतरी इस्त्री, एवढ्यावर सुरगाण्यात अकरा महिन्यांत हजार युनिट जळतात? ते चारचौघांतलं बोलणं अजूनही मनात सलतं.

मी आठवडाभर थांबायला सांगितलं. त्या दिवशीचं रीडिंग दोघांनी मिळून घ्यायचं आणि बरोबर सात दिवसांनी पुन्हा घ्यायचं. आमचं मीटर जुनं, आत चकती फिरणारं. त्यावर पाच काळे आकडे आणि शेवटी एक लाल. पहिल्या दिवशी 04876 आणि लाल 3, आठवड्यानंतर 04886 आणि लाल 8. त्यांनी वहीत 48763 आणि 48868 लिहून वजाबाकी केली आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "बघा, आठवड्यात एकशे पाच युनिट!"

गडबड तिथेच माझ्या लक्षात आली. लाल आकडा म्हणजे युनिटचा दहावा भाग, त्याच्या आधी दशांशचिन्ह धरायचं. खरा वापर 10.5 युनिट. हे त्यांना पटेना, म्हणून मी त्यांचंच महावितरणचं बिल मागितलं. आठवड्याला 105 म्हणजे महिन्याला साडेचारशे, आणि मुख्य मीटरवर सगळ्या घराचा वापर महिन्याला 114च्या आसपास. सब-मीटरची वीज मुख्य मीटरमधूनच येते, मग ती त्याहून जास्त कशी होईल? त्यावर ते काहीच बोलले नाहीत. "चुकलं" एवढंही म्हणाले नाहीत.

पुढचा हिशोबही त्याच बिलांवरून निघाला. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. माझ्या अकरा महिन्यांची बेरीज आली 1254. त्यातले हजार माझे धरले तर फ्रीज, टीव्ही आणि पाण्याची मोटर असलेल्या त्यांच्या घराला महिन्याला 23 युनिटच उरतात. मी येण्याआधी खोली रिकामी होती, तेव्हाची दोन बिलं 73 आणि 75 युनिटची होती. म्हणजे त्यांचा स्वतःचा वापर महिन्याला 74 धरला तर अकरा महिन्यांचे 814 झाले आणि माझ्या वाट्याला 440 आले.

पण ती दोन बिलं उन्हाळ्यातली होती. पावसाळ्यात त्यांचा वापर थोडा कमी असणार, त्यामुळे माझे 440पेक्षा काही युनिट जास्तच झाले असतील. उलट बाजूने आठवड्याचे 10.5 म्हणजे रोजचे दीड. सुट्ट्या वजा करून 310 दिवस धरले तर 465 होतात. हा आकडा मात्र फुगलेला आहे, कारण तो एप्रिलचा. आमच्याकडे पावसाळ्यात पंखा फारसा लागत नाही आणि त्या दिवसांत वीजही वारंवार जाते. एक हिशोब कमी सांगतो, दुसरा जास्त, म्हणजे खरं उत्तर दोन्हींच्या मध्ये. मी 450 युनिट दिले.

दराबाबत त्यांची एक गोष्ट रास्त होती. घरगुती दराचा पहिला टप्पा 100 युनिटपर्यंतचा असतो, त्यावरचे युनिट बरेच महाग पडतात. माझ्यामुळे घर 114वर गेलं, म्हणून वरचे 14 युनिट मी वरच्या दरानेच धरले. पण सगळ्याच युनिटना तो दर लावणं मला मान्य नव्हतं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी ज्यांना फोटो पाठवला असेल त्यांचे मोबाइल बघा. नाहीच मिळाला तर खोली रिकामी असतानाची बिलं मागा, बाकी सगळा हिशोब त्यावरच उभा राहतो. मीटरवरच शंका असेल तर त्यावर छापलेला चकतीच्या फेऱ्यांचा आकडा वाचा. युनिटला 600 फेऱ्या असतील तर फक्त 100 वॉटचा दिवा चालू ठेवल्यावर चकतीला एका फेरीला एक मिनिट लागायला हवं. खूप आधी फेरी झाली तर मीटर पळतंय. सगळं बंद असूनही चकती फिरतच राहिली तर मीटर बिघडलंय किंवा तुमच्या वायरवर दुसऱ्याचा भार आहे. पाण्याच्या मीटरवरही काळे आकडे घनमीटरचे आणि लाल त्याखालचे असतात. लाल सरसकट जोडून वाचले की तिथेही हिशोब फुगतो.

आणि भाडेकरार करताना सुरुवातीचं रीडिंग दशांशासकट करारातच लिहून दोघांच्या सह्या घ्या. घरमालक कितीही गोड बोलोत, "नंतर बघू" ऐकून घेऊ नका.