रात्रपाळीवाल्याचा तक्ता

‘डॉक्टर, तो म्हणतो, बरं वाटायला लागलं की करीन.’ चिंचोळी एमआयडीसीतल्या कामगारांशी बोलणाऱ्या समुपदेशकांची ही नेहमीची अडचण. नैराश्यात माणूस उमेदीची वाट पाहत पडून राहतो, आणि पडून राहिल्यानेच उमेद आणखी आटते. बिहेवियरल अ‍ॅक्टिवेशन ही पद्धत सुरुवात कृतीपासून करते. मन लागो न लागो, ठरलेल्या वेळी ठरलेली छोटी गोष्ट करायची.

तुम्ही मानसोपचाराची पदवी घेतलेली नाही म्हणून बिचकू नका. गोव्यात ‘संगथ’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत हेच काम तुमच्यासारख्या प्रशिक्षित सामान्य माणसांकडून करून घेतले. मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठका दिल्या. २०१७च्या ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांतले ३९ टक्के.

आता तक्ता. एक कल्पित नमुना घेऊ: पॅकिंग खात्यातला पस्तिशीचा कामगार, पंधरा दिवस रात्रपाळी, घरी बायको आणि शाळकरी मुलगी. पहिल्या आठवड्यात त्याला काहीही बदलायला सांगू नका. जागेपणी दर दोन तासांनी दोनच गोष्टी टिपायच्या: काय करत होतो, आणि मन किती बरं होतं, शून्य ते दहा. लिहिता येत नसेल तर तीन चेहरे काढून द्या. सगळे आकडे पाच-पाच आले, तर तक्ता बैठकीला येताना रिक्षात बसून भरलाय असं समजा. रागावू नका, कालचा एक दिवस सोबत बसून आठवून भरा.

या माणसाच्या तक्त्यात काय दिसलं? सकाळी आठ ते बारा अंथरुणात मोबाइल, मन दोन, झोपही नाही. एका संध्याकाळी मुलीला शिकवणीहून आणलं, मन पाच. गेटाजवळच्या टपरीवर दोस्तांसोबत चहा व्हायचा, तो महिनाभर बंद. का, ते विचारल्यावर कळलं की एकाचे पाचशे रुपये द्यायचे आहेत, म्हणून तो तोंड चुकवतो. हे तोंड चुकवणं तुम्ही शोधायचं असतं. त्या क्षणी सुटका वाटते, पण माणूस एकेक करून सगळ्यांपासून तुटतो.

मग दोनच कामं ठरवली. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी साडेपाचला मुलीला शिकवणीहून आणायचं. मंगळवारी कामावर जाताना टपरीवर थांबून दोस्ताला शंभर रुपये देऊन बाकीची तारीख सांगायची. दुसरं काम आवडीचं नाही, पण अडलेलं आहे; नुसती करमणूक ठरवून भागत नाही. ‘योगा करा’, ‘जरा फिरत जा’ असले सल्ले देऊ नका. वार, वेळ, जागा आणि सोबत कोण, हे त्याच्या तोंडून यायला हवं. दिवसाच्या झोपेच्या तासांत काहीही घालू नका.

पुढच्या बैठकीत कळलं की मुलीला दोनदा आणलं, मन तीनवरून चार. एवढंच? हो, सुरुवातीला एवढंच वाढतं. हे आधीच सांगितलं नाही तर तो निराश होतो. टपरीवर गेलाच नाही. ‘का नाही केलंत?’ म्हणू नका, तो शरमेने पुढची बैठक चुकवेल. ‘त्या वेळी काय झालं?’ विचारा. कंपनीची बस थेट गेटात सोडते, टपरी मागे राहते. मग शंभर रुपये बसमध्येच द्यायचे ठरले. काम फसलं तर ते लहान करा किंवा वेळ बदला.

दर बैठकीला पीएचक्यू-९ भरून घ्या. चार बैठकांत आकडा पाचनेही उतरला नाही तर डॉक्टरांकडे पाठवा. थायरॉइड, रक्तक्षय, दारू यांतलं काहीतरी मागे असू शकतं. पूर्वी कधी झोपेविना दिवसेंदिवस अति उत्साह आला होता का, हेही विचारा; तसं असेल तर हे काम तुमचं नव्हे, मानसोपचारतज्ज्ञांचं.

तुमच्यावर देखरेख करणारा तज्ज्ञ रोज मिळणार नाही. गोव्यातही समुपदेशक रुग्णाच्या संमतीने बैठका ध्वनिमुद्रित करत आणि गटात ऐकून एकमेकांना गुण देत. तुम्ही तिघं-चौघं आठवड्यातून एकदा बसा, एक मुद्रण ऐका, आणि एवढंच तपासा: काम कोणी सुचवलं? वार-वेळ ठरली का? गेल्या वेळच्या तक्त्याकडे पाहिलं का? बहुतेक बैठका तिसऱ्या प्रश्नावर अडतात, गप्पांत तक्ता राहूनच जातो.

पीएचक्यू-९मधला नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथे शून्याव्यतिरिक्त काहीही आलं, तर तक्ता बाजूला ठेवा आणि जीव देण्याचं काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, हे सरळ विचारा. विचारल्याने विचार वाढत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर एकटं सोडू नका. घरच्यांना बोलवा, औषधं, कीटकनाशक किंवा रसायन दूर करा, आणि त्याच दिवशी सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलला सोबत न्या. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर रात्रपाळीतही लागतो.