जेपेग फोटो नेमका कुठे बिघडतो

पोहरादेवीच्या रामनवमी यात्रेत काढलेला आपल्या आजीचा फोटो घेऊन मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरचा तरुण माझ्या स्टुडिओत आला. फेटिया-कांचळीतली आजी, कपड्यावर आरशांचं भरतकाम, डोक्यावर लाल ओढणी. त्याला वीस इंच रुंदीची फ्रेम करून हवी होती. मी फाइल संगणकावर मोठी करून पाहिली. प्रत्येक आरशाभोवती राखाडी कण सांडले होते, पांढऱ्या टाक्यांवर लाल रंग ओघळला होता आणि गालांवर चौकोन दिसत होते. नमुना प्रिंट काढून दिली तेव्हा त्याने विचारलं, "भाऊ, मोबाइलवर तं हा फोटो चांगला दिसते. मंग कागदावर काहून असा येते?"

नशिबाने मूळ फोटो त्याच्या मामाच्या कॅमेऱ्याच्या कार्डात शिल्लक होता. दोन्ही फाइली शेजारी ठेवून पाहता आल्या, म्हणूनच पुढचं सगळं मी ठामपणे सांगू शकतो. मूळ फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा होता. माझ्याकडे आलेल्या फाइलची रुंदी १६०० पिक्सेल. वीस इंचांवर पसरली की इंचाला ८० पिक्सेल उरतात. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर तेवढे पुरतात, फ्रेमला पुरत नाहीत. पण पिक्सेल कमी झाल्याने फोटो फक्त मऊ दिसतो. राखाडी कण, ओघळलेला रंग आणि चौकोन ही जेपेगची खूण आहे. मूळ फोटोपासून त्या फाइलपर्यंतच्या वाटेवर कुणी कडा कापल्या होत्या, कुणी उजेड वाढवला होता, कुणी खाली नाव टाकलं होतं आणि दर वेळी फाइल नव्याने सेव्ह झाली होती.

मूळ फोटोत २ कोटी ४० लाख पिक्सेल आहेत आणि प्रत्येकाचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. जसेच्या तसे लिहिले तर ७२ एमबी होतात. कॅमेरा तेच दहा एमबीच्या आसपास बसवतो. हे कसं होतं ते पायरीपायरीने पाहू, कारण नुकसान प्रत्येक पायरीवर होत नाही.

आधी लाल-हिरवा-निळा मोडून उजेड वेगळा काढला जातो आणि रंगाचे दोन आकडे वेगळे. आपल्या डोळ्याला उजेडातला बारीक फरक लगेच कळतो, रंगातला तितका कळत नाही. म्हणून बहुतेक मोबाइल आणि ॲप उजेड पूर्ण ठेवतात आणि रंग मात्र शेजारच्या चार पिक्सेलांना मिळून एकच ठेवतात. या सवयीला ४:२:० म्हणतात. चेहऱ्यावर, आभाळावर ती कळतही नाही. पण लाल कापडावर एका पिक्सेलच्या रुंदीचा पांढरा टाका असेल, तर टाक्याचा आणि कापडाचा रंग मिळून सरासरी निघते आणि टाका गुलाबी होतो. बंजारा भरतकाम म्हणजे या पायरीची सगळ्यात कठीण परीक्षा. लग्नातला लाल शालू आणि जरीचा काठ यांनाही तेच भोगावं लागतं.

मग चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतात आणि इथून पुढे प्रत्येक चौकोनाचा हिशेब स्वतंत्र चालतो. चौकोनातल्या ६४ पिक्सेलांच्या जागी वेगळे ६४ आकडे मांडले जातात. पहिला आकडा चौकोनाची सरासरी सांगतो. उरलेले ६३ सांगतात की उजेड-अंधाराचे पट्टे किती जाड, कोणत्या दिशेचे आणि किती ठळक आहेत. गालावरच्या चौकोनात सरासरी सोडली तर बाकी आकडे जवळजवळ शून्य असतात. आरशाच्या कडेवरच्या चौकोनात मात्र बरेचसे मोठे असतात. हे गणित बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी सुचवलं आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासोबत १९७४ साली प्रसिद्ध केलं. १९९२ साली मंजूर झालेलं जेपेग मानक त्याच्यावर उभं आहे. या मांडणीत फारसं काही हरवत नाही. गणित उलट फिरवलं की पिक्सेल जवळपास तसेच परत मिळतात.

खरं नुकसान पुढच्या पायरीवर आहे. ६४ आकड्यांपैकी प्रत्येकाला एक माप ठरलेलं असतं. आकड्याला मापाने भागायचं आणि उत्तर जवळच्या पूर्ण संख्येवर आणायचं. सोयाबीन मोजताना भरलेल्या पायल्या तेवढ्या लिहाव्यात आणि वरचे मूठभर दाणे सोडून द्यावेत, तसं हे आहे. जाड पट्ट्यांसाठी माप लहान असतं, अगदी बारीक पट्ट्यांसाठी मोठं. क्वालिटीचा आकडा म्हणजे ही मापं लहानमोठी करण्याची कळ, आणखी काही नाही.

एक आकडा घेऊन पाहू. आठ पिक्सेलांत उजेड-अंधाराच्या दोन आवर्तनांचे उभे पट्टे मोजणाऱ्या आकड्याचं माप क्वालिटी ५० ला २४ आहे. ७५ ला ते १२ होतं, ९० ला ५. एखाद्या चौकोनात हा आकडा ५ आहे, म्हणजे पट्टे फिकट आहेत. ९० वर ५ ला ५ ने भागून १ येतो आणि उघडताना पुन्हा ५ मिळतात. ७५ वर ५ ला १२ ने भागून अर्ध्याहून कमी येतं, शून्य लिहिलं जातं आणि ते पट्टे कायमचे जातात. हीच फाइल पुढे कुणी क्वालिटी १०० वर सेव्ह केली तरी शून्यातून ५ परत येत नाहीत. फक्त फाइल फुगते.

शेवटी शून्यांच्या लांब रांगा थोडक्यात लिहून, सारखे येणारे आकडे आखूड खुणांनी मांडून फाइल बांधली जाते. या बांधणीत काहीच हरवत नाही. फाइल लहान होते ती मुख्यतः शून्यांच्या या रांगांमुळे.

आरशाभोवतीच्या कणांचं कारणही मापाने भागण्याच्या पायरीतच आहे. तीक्ष्ण कड तयार व्हायला अनेक पट्ट्यांनी एकमेकांना सावरून धरावं लागतं. त्यातले काही शून्य झाले की उरलेल्यांच्या लाटा कडेच्या बाजूला उघड्या पडतात, पण आठ पिक्सेलांच्या चौकोनापुरत्याच. म्हणून फोटो ४०० टक्के मोठा करून कडांभोवती पाहा. चौकोनात कोंडलेले कण दिसले तर दोष जेपेगचा आहे, लेन्सचा नाही.

आता वारंवार सेव्ह करण्याकडे वळू. वरच्या उदाहरणातला आकडा मूळ फोटोत ३१ होता असं धरू. ७५ वर ३१ ला १२ ने भागलं की ३ येतात, उघडल्यावर ३६. हीच फाइल काहीही न बदलता, त्याच प्रोग्रॅममध्ये, त्याच ७५ वर पुन्हा सेव्ह केली तर ३६ ला १२ ने भागून बरोबर ३. पुन्हा ३६. पिक्सेल पूर्ण संख्येत बसवताना थोडी हालचाल होते, पण दोनचार वेळांत तीही बहुतेक थांबते. "सेव्ह दाबलं की फोटो मरतो" हे आमच्या धंद्यात सर्रास ऐकू येतं, ते इतकं सरळ नाही.

माप बदललं की गोष्ट वेगळी होते. ३६ असलेली फाइल दुसऱ्या कुणी ६० वर सेव्ह केली. तिथे माप १९, आकडा २, उघडल्यावर ३८. तिसऱ्याने चांगल्या हेतूने ९० लावलं. माप ५, आकडा ८, उघडल्यावर ४०. ३१ चे ४० झाले. मूळ फाइलच थेट ९० वर गेली असती तर ३० आले असते. त्याहून वाईट म्हणजे कडा कापणं. डावीकडून तीन पिक्सेल कापले की नवे चौकोन जुन्या चौकोनांवर बसत नाहीत. सगळे आकडे नव्याने निघतात आणि जुन्या चौकोनांच्या कडा आता चित्रातला तपशील समजून जपल्या जातात. रंगाच्या चौकड्याही सरकतात आणि लाल आणखी पसरतो. आकार लहान करणं, थोडं तिरकं फिरवणं, यांचाही परिणाम तोच. उजेड वाढवताना चौकोन सरकत नाहीत, पण आकडे बदलतात. आजीच्या फोटोला यातलं जवळजवळ सगळं भोगावं लागलं होतं.

त्यामुळे माझा आग्रह सेव्हची संख्या मोजण्यावर नाही, बदल कुठून सुरू होतो त्यावर आहे. कॅमेऱ्याची मूळ फाइल हात न लावता वेगळी ठेवा. काम चालू असताना फोटोशॉपची .psd किंवा गिंपची .xcf फाइल ठेवा, त्यांत मापाने भागणं नसतं. जेपेग काढा तो शेवटी, एकदाच, आणि दुसऱ्या आकाराचा हवा असेल तर पुन्हा त्या कामाच्या फाइलवरून. मोठ्या प्रिंटसाठी ९० ते ९५ ठेवा. भरतकाम, जर किंवा रंगीत अक्षरं असतील तर गिंपमध्ये ४:४:४ निवडा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग जपला जाईल. मेसेजच्या ॲपवरून पाठवायचा असेल तर 'फोटो' म्हणून नको, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेला की ॲप तो लहान करून पुन्हा दाबतं. एक ध्यानात ठेवा, ही कळ सगळीकडे सारखी नाही. वर वापरलेली मापं इंडिपेंडंट जेपेग ग्रुपच्या मुक्त प्रोग्रॅमची आहेत. फोटोशॉपच्या ० ते १२ मधला १० म्हणजे तिथला १० नव्हे.

फक्त आडवा फोटो उभा करायचा असेल तर उघडून सेव्ह करायची गरजच नाही. ६४ आकडे जागच्या जागी फिरवणारा प्रोग्रॅम आहे:

```
jpegtran -copy all -perfect -rotate 90 -outfile ubha.jpg mul.jpg
```

यात मापाने भागणं पुन्हा होत नाही. कडेचे चौकोन अपुरे असल्यामुळे फिरवणं तंतोतंत जमणार नसेल, तर -perfect मुळे तो फाइल बनवायला नकार देतो.

स्टुडिओत येणाऱ्या मुलांसाठी आणखी एक सांगतो. बँक भरतीच्या आयबीपीएस अर्जात फोटो २०० बाय २३० पिक्सेलचा आणि २० ते ५० केबीचा मागतात. पुष्कळ जण मोबाइलचा ४००० पिक्सेलचा फोटो तसाच ठेवून क्वालिटी १० पर्यंत खाली ओढतात आणि चेहऱ्याचे चौकोन होतात. ६० लाखांहून जास्त पिक्सेल असलेल्या चेहऱ्याला ५० केबीत बसवायचं म्हटलं की मापं अवाढव्य होणारच. आधी आकार २०० बाय २३० करा. ४६ हजार पिक्सेलच उरतात आणि क्वालिटी बहुतेक वेळा ९० किंवा त्याहून वर ठेवूनही फाइल मर्यादेत बसते. कधी उलट २० केबीपेक्षा लहान होते, तेव्हा कळ ९५ च्या पुढे न्यावी लागते. पुढच्या वर्षी दुसऱ्या परीक्षेचा अर्ज भराल तेव्हा ही छोटी फाइल ताणून मोठी करू नका, मोबाइलमधल्या मूळ फोटोवरून नवी काढा.