बारा बिऱ्हाडांसाठी हीट पंप: आकार ठरवण्याची कृती

श्टुटगार्टच्या आसपास १९७० च्या दशकात बांधलेल्या तीन-चार मजली इमारती जागोजागी आहेत, आणि नोकरीनिमित्त जर्मनीत स्थिरावलेल्या बऱ्याच मराठी कुटुंबांचे पहिले स्वतःचे घर अशाच एखाद्या इमारतीत असते. तळघरातला गॅस बॉयलर म्हातारा झाला की मालकांच्या वार्षिक सभेत हीट पंपाचा विषय निघतो. ठेकेदार बॉयलरच्या पाटीवरचा आकडा वाचतो आणि तेवढ्याच ताकदीच्या पंपाचे दरपत्रक देतो. ते इतके मोठे असते की विषय पुढच्या वर्षावर जातो. पाटीवरचा आकडा बाजूला ठेवला आणि थंडीतले मोजके तास बॉयलरकडेच राहू दिले, तर पंप पुष्कळ लहान घेता येतो. तो किती लहान घ्यायचा, हे काढण्याची ही रीत.

हिशेबासाठी एक नमुन्याची इमारत घेऊ. बारा फ्लॅट, एकूण ८४० चौरस मीटर, रेडिएटरने तापणारी घरे, तळघरात १२० किलोवॅटचा बॉयलर. गेल्या तीन वर्षांच्या बिलांची सरासरी वर्षाला १,६०,००० किलोवॅट-तास. बाहेरचे सर्वात थंड तापमान उणे १२ अंश धरले आहे. तुमच्या गावासाठी ते पोस्टाच्या पिनकोडनुसार तक्त्यात मिळते.

पहिली पायरी: इमारतीची खरी गरज

या पायरीला सर्वात जास्त वेळ द्या, कारण पुढचे सगळे आकडे हिच्यावर उभे आहेत. हिवाळ्यात दर सोमवारी सकाळी गॅसच्या मीटरचा फोटो काढायचा आणि त्या आठवड्याचे बाहेरचे सरासरी तापमान जवळच्या हवामान केंद्रावरून लिहून ठेवायचे. आठ-दहा आठवड्यांच्या नोंदी पुरतात. नाताळच्या सुट्टीचा आठवडा वगळा, तेव्हा निम्मी बिऱ्हाडे गावाला गेलेली असतात.

मीटरचे घनमीटर बिलावरच्या गुणकाने किलोवॅट-तासांत, म्हणजे युनिटांत, बदलले की आपल्या इमारतीत उन्हाळ्यात रोज १०० युनिट गॅस जातो. तो सगळा नळाच्या गरम पाण्याचा. सरासरी ५ अंशांच्या आठवड्यात रोज ६५० युनिट गेले, शून्य अंशाच्या आठवड्यात ९२०. गरम पाण्याचे १०० वजा केले की घर तापवायला राहतात ५५० आणि ८२०.

आता एक बारकावा. बिलातले युनिट गॅस जळताना तयार होणाऱ्या वाफेची उष्णताही धरून मोजलेले असतात, आणि जुन्या बॉयलरला ती वाफेची उष्णता पकडता येत नाही. त्यामुळे ९० टक्के कार्यक्षमता लिहिलेला बॉयलर बिलातल्या १०० युनिटांमधून प्रत्यक्षात साधारण ८१ युनिट उष्णता पाण्यात घालतो. म्हणून ०.८१ ने गुणायचे आणि २४ तासांनी भागायचे. ५ अंशांना सरासरी १८.६ किलोवॅट लागले, शून्याला २७.७. म्हणजे बाहेर एक अंश उतरला की गरज सुमारे १.८ किलोवॅटने वाढते. हीच रेषा उणे १२ पर्यंत ओढली की ५० किलोवॅट येतात, आणि उलट दिशेने ती १५ अंशांपाशी शून्याला टेकते. या वयाच्या इमारतीत १५ च्या आसपास टेकणे हे नोंदी ठीक असल्याचे लक्षण. रेषा २० च्या पुढे टेकत असेल तर मीटरवर आणखी काही जोडलेले आहे किंवा कोणाच्या खिडक्या दिवसभर उघड्या आहेत, असे समजून आधी ते शोधा.

पडताळा दुसऱ्या बाजूनेही घ्यावा. वर्षाच्या १,६०,००० युनिटांची उपयुक्त उष्णता झाली सुमारे १,३०,०००. गरम पाण्याचे ३०,००० गेले की घर तापवायला १,००,०००. श्टुटगार्टसारख्या हवामानात वर्षाच्या उष्णतेला साधारण २,००० तासांनी भागले की कमाल गरज येते: ५० किलोवॅट. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी आल्या. पाटीवर १२० लिहिले होते.

दुसरी पायरी: नळाचे गरम पाणी

३०,००० युनिट वर्षभरात वाटले की सरासरी साडेतीन किलोवॅट होतात. ते घर तापवण्याच्या गरजेत मिळवायचे. लिजिओनेला या जिवाणूमुळे मोठ्या इमारतींत टाकीतून निघणारे पाणी ६० अंश आणि फेरा मारून परतणारे पाणी ५५ अंशांच्या खाली नसावे, असा जर्मनीत दंडक आहे. पंपाला हे तापमान महाग पडते. म्हणून पंपाने ५० पर्यंत तापवायचे आणि वरचे दहा अंश बॉयलरने चढवायचे, ही विभागणी मला पटते. तळघरातल्या फेऱ्याच्या पाइपांना जाड वेष्टण घालणे मात्र त्याआधी उरकून घ्या. त्या पाइपांतून दिवसरात्र गळणारी उष्णता या साडेतीन किलोवॅटमध्येच आहे.

तिसरी पायरी: रेडिएटरला किती गरम पाणी हवे

पंपाची ताकद आणि विजेचा खर्च दोन्ही या तापमानावर ठरतात. बाहेर शून्याच्या आसपास असेल त्या आठवड्यात सगळ्यांना रेडिएटरची झडप पूर्ण उघडी ठेवायला सांगा आणि बॉयलरचे तापमान दोन-दोन दिवसांनी दोन-तीन अंशांनी उतरवत जा. कोणीतरी तक्रार करेल. तिथे थांबा आणि त्या घरी जाऊन बघा. बहुतेक वेळा सबंध इमारत थंड नसते. वरच्या मजल्यावरच्या उत्तरेच्या कोपऱ्यातल्या एक-दोन खोल्या थंड असतात, कारण रांगेतल्या शेवटच्या रेडिएटरपर्यंत पाणीच पुरेसे पोचत नाही. प्रत्येक झडपेतून जाणारे पाणी मोजून बांधून द्यायचे आणि तेवढे एक-दोन रेडिएटर मोठे बसवायचे. आपल्या इमारतीत एवढ्याने उणे ३ अंशांना ५० अंशांचे पाणी पुरते, असे धरू.

चौथी पायरी: बायव्हॅलंट बिंदू आणि पंपाची निवड

ज्या तापमानाला पंपाची ताकद आणि इमारतीची गरज बरोबर सारखी होते, तो बायव्हॅलंट बिंदू. त्याच्या वर पंप एकटा पुरतो, खाली बॉयलर हातभार लावतो. आपण तो उणे ३ ला ठेवू. तिथे घराला ३३ आणि पाण्याला साडेतीन, म्हणजे ३७ किलोवॅट लागतात.

इथेच सर्वात मोठी फसगत होते. पंपाच्या नावातला आकडा बहुधा A7/W35 या स्थितीतला असतो, म्हणजे बाहेर ७ अंश आणि पाणी ३५ अंश. आपल्याला हवेत A2/W55 आणि A-7/W55 चे आकडे. ते माहितीपत्रकात आतल्या पानांवर सापडतात, आणि ते बर्फ वितळवण्याचा वेळ धरून दिलेले आहेत ना, हे लेखी विचारून घ्या. समजा २५ किलोवॅट नावाचा एक पंप A2/W55 ला २०.५ आणि A-7/W55 ला १६.५ किलोवॅट देतो. असे दोन पंप घेतले तर ४१ आणि ३३. उणे ३ ला मधला आकडा येतो साधारण ३७. जमले.

एकच मोठा पंप घेण्यापेक्षा दोन घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे. ऑक्टोबरात बाहेर १० अंश असताना इमारतीला जेमतेम तेरा किलोवॅट लागतात. मोठा पंप तेवढा खाली उतरू शकत नाही, मग तो चालू-बंद होत राहतो आणि कॉम्प्रेसरचे आयुष्य घटते. दोहोंपैकी एकाला झोपवून ठेवता येते, आणि एक बिघडला तरी दुसरा असतो.

बॉयलर कसा जोडायचा, याचाही हिशेब करून बघा. समजा वर्षात ३०० तास उणे ३ च्या खाली जातात आणि त्यांची सरासरी उणे ६ आहे. तेव्हा गरज ४२ किलोवॅट, पंपांची ताकद ३४. दोघे एकत्र चालले तर बॉयलरला फक्त ८ किलोवॅट द्यावे लागतात, म्हणजे ३०० तासांत सुमारे २,४०० युनिट: वर्षाच्या उष्णतेच्या दोन टक्क्यांहून कमी. पंप बंद करून बॉयलर एकटा चालवला तर १२,६०० युनिट, जवळजवळ दहा टक्के. पंप आणि आकार तेच असून फरक एवढा. पाणी पंपाच्या आवाक्याबाहेर गरम लागत नसेल, तर दोघांना एकत्रच चालवा. तुमच्या गावचे खरे तास जर्मन हवामान खात्याच्या ताशी नोंदींतून मोजता येतात.

पाचवी पायरी: बॉयलर

उणे १२ ला पंप सुमारे २९ किलोवॅट देतील आणि गरज ५३ ची असेल. तूट २४ ची. तरी बॉयलर ६० किलोवॅटचा, वाफेची उष्णता पकडणारा घ्यावा, म्हणजे पंप बंद पडले तरी बारा बिऱ्हाडे गारठणार नाहीत. निवडताना कमाल आकड्याबरोबर किमान आकडाही बघा. सुरुवातीची तूट चार-पाच किलोवॅटची असते, आणि २० किलोवॅटच्या खाली न उतरणारा बॉयलर तिथे सतत भडकेल आणि विझेल. २०२४ पासून लागू झालेल्या जर्मन इमारत-ऊर्जा कायद्यात अशा जोडीसाठी पंपाचा वाटा किती हवा याची अट घातली होती: एकत्र चालत असतील तर कमाल गरजेच्या ३० टक्के, आलटून-पालटून चालत असतील तर ४०. आपले पंप उणे ७ ला साठ टक्क्यांवर आहेत. कायद्यात बदल होतात, त्यामुळे काम देण्याच्या दिवशी कोणती अट लागू आहे ते विचारा.

सहावी पायरी: पाइप आणि नियंत्रण

इमारतीतून परतलेले थंड पाणी आधी पंपाकडे गेले पाहिजे. पंपाने तापवलेले पाणी बॉयलरने जाताजाता वर चढवायचे. हा क्रम उलटला किंवा बॉयलरचे गरम पाणी मधल्या टाकीतून परतीत मिसळले, तर पंपाला येणारे पाणीच ५० अंशांचे होते आणि तो उच्च दाबाची चूक दाखवून थांबतो. ओळखायची खूण सोपी: बॉयलर पेटल्यावर काही मिनिटांत पंपाकडे येणाऱ्या पाण्याचे तापमान चढू लागले, तर जोडणी चुकली आहे.

दुसरी चूक नियंत्रकात असते. तक्रारी नकोत म्हणून बसवणारा बॉयलरला बाहेर ५ अंश असतानाच परवानगी देतो, किंवा पाच मिनिटे पाणी थोडे कमी गरम राहिले की पेटू देतो. मग पंप आपोआप मागे सरतो, घरे उबदार राहतात, कोणाला काही कळत नाही आणि गॅसचे बिल जवळजवळ पूर्वीइतकेच येते. परवानगी उणे २ च्या वर नसावी, आणि तूट किमान अर्धा तास टिकल्याशिवाय बॉयलर पेटू नये. नळाच्या पाण्याचे वरचे दहा अंश यात मोडत नाहीत, त्यांची वेळ वेगळी लावा.

पंप आणि बॉयलर दोघांच्या वाटेवर स्वतंत्र उष्णतामापक बसवण्याची अट करारातच लिहा. बारा जणांत वाटला तर तो खर्च फार नाही. पहिला हिवाळा संपल्यावर दोन्ही मापकांचे आकडे शेजारी मांडा. घर तापवण्यातला बॉयलरचा वाटा पाच टक्क्यांच्या वर गेला असेल आणि हिवाळा विशेष कडक नसेल, तर पंप मोठा घेण्याचा विचार करू नका. आधी नियंत्रकातले आकडे दुरुस्त करून घ्या आणि ठेकेदाराचा शेवटचा हप्ता तोवर रोखून ठेवण्याची सोय करारातच करून ठेवा.