गो खेळातील सुरचना आणि कुरचना : रिकामा त्रिकोण

चीनमध्ये वेइची, कोरियात बादुक व जपानात इगो या नावांनी ओळखला जाणारा हा पटावरील खेळ दोन हजारांहून अधिक वर्षांचा जुना आहे. पूर्ण पटावर १९ आडव्या व १९ उभ्या रेषा असतात. परंतु नवशिक्यासाठी ९ रेषांचा लहान पट घेण्याची रूढी आहे. असा पट शाळेच्या फरशीवर खडूने आखता येतो आणि काळ्या सोंगट्यांच्या जागी चिंचोके व पांढऱ्यांच्या जागी पांढरे खडे घेता येतात. प्रस्तुत पाठात संपूर्ण खेळ शिकविण्याचा हेतू नसून, नवशिक्याच्या हातून वारंवार होणारी एक रचना, ती दुबळी का ठरते व तिच्या जागी काय करावे, एवढेच पाहावयाचे आहे.

आवश्यक तेवढे नियम

सोंगट्या चौकटीत न ठेवता रेषांच्या छेदबिंदूंवर ठेवावयाच्या असतात. काळा प्रथम खेळतो. नंतर दोघेही आळीपाळीने एकेक सोंगटी ठेवतात. एकदा ठेवलेली सोंगटी हलविता येत नाही. सोंगटीला लागून आडव्या वा उभ्या रेषेवर जे रिकामे बिंदू असतात त्यांना चिनी खेळाडू श्वास म्हणतात. या पाठातही तोच शब्द योजिला आहे. तिरपा बिंदू श्वासात धरावयाचा नाही. पटाच्या मधोमध एकट्या सोंगटीला ४ श्वास असतात. रेषेने परस्परांना लागून असलेल्या एकाच रंगाच्या सोंगट्यांचा एक गट होतो व त्या गटाचे श्वास एकत्र मोजतात. प्रतिपक्षाने सर्व श्वास व्यापले की तो संपूर्ण गट पटावरून उचलला जातो. म्हणून गटाची रचना चांगली की वाईट हे ठरविताना पहिला प्रश्न असा विचारावा : इतक्या सोंगट्या खर्चून श्वास किती मिळाले?

तीन सोंगट्यांचा हिशेब

पटाच्या मध्यभागी दोन सोंगट्या लागून ठेवल्या तर त्यांना ६ श्वास मिळतात. आता तिसरी सोंगटी दोन प्रकारे जोडता येते. पहिल्या प्रकारात ती सरळ रेषेत पुढे ठेवावयाची. दुसऱ्यात एका बाजूस वळवून काटकोन करावयाचा.

सरळ :

· · · · ·
· ● ● ● ·
· · · · ·

काटकोन :

· · · ·
· ● · ·
· ● ● ·
· · · ·

सरळ रांगेचे श्वास मोजल्यास ८ भरतात. काटकोनाचे मात्र ७ च भरतात. सोंगट्या तितक्याच, मग एक श्वास गेला कोठे? काटकोनाच्या कुशीतील रिकाम्या बिंदूकडे पाहावे. तो बिंदू वरच्या सोंगटीचाही श्वास आहे आणि उजव्या सोंगटीचाही. दोन सोंगट्यांनी एकच श्वास वाटून घेतल्यामुळे मोजणीत तो एकदाच येतो. ज्याप्रमाणे दोन शेजाऱ्यांनी एकाच विहिरीवर पाणी भरले म्हणून विहिरी दोन होत नाहीत, त्याप्रमाणेच हे आहे. तीन सोंगट्यांच्या काटकोनात चौथा कोपरा रिकामा असला म्हणजे त्या आकृतीस रिकामा त्रिकोण म्हणतात. जपानी भाषेत तिचे नाव अकिसांकाकु असून त्याचा शब्दशः अर्थही तोच आहे.

येथे ‘रिकामा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. चौथ्या कोपऱ्यावर प्रतिपक्षाची सोंगटी बसलेली असेल तर तीच आकृती वाईट ठरत नाही. हा भेद पुढे स्पष्ट होईल.

एका श्वासाने काय बिघडते

७ आणि ८ यांतील अंतर विद्यार्थ्यास क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. त्यासाठी पुढील स्थिती पटावर मांडून दाखवावी. उभ्या रेषांना डावीकडून क, ख, ग, घ, च, छ, ज, झ, ट अशी नावे द्यावीत व आडव्या रेषांना खालून १ ते ९ असे अंक द्यावेत. खाली पटाचा तेवढाच भाग दाखविला आहे. १ ही पटाची शेवटची कड होय. पाळी काळ्याची आहे.

     ख ग घ च छ ज
५   · · · · · ·
४   · · · ○ · ·
३   · ○ ● · ○ ·
२   · ○ ● · · ·
१   · · ○ · · ·

काळ्याच्या दोन सोंगट्यांना च२, च३ व घ४ असे ३ श्वास आहेत. नवशिक्यास च३ ही जागा मोहात पाडते. कारण तेथे सोंगटी ठेवली की च४ व छ३ या दोन्ही पांढऱ्या सोंगट्यांना आपण भिडलो असे त्यास वाटते. परंतु च३ वर काळी सोंगटी पडताच घ२, घ३, च३ असा काटकोन होतो, आणि च२ हा त्याचा रिकामा कोपरा असतो. आता श्वास मोजावेत. च३ हा स्वतः एक श्वास होता, तो खर्ची पडला. नवीन सोंगटीच्या वरची व उजवीकडची जागा पांढऱ्याने आधीच धरली आहे; खालचा च२ तर पूर्वीच मोजला होता. म्हणजे नवीन श्वास एकही मिळाला नाही. ३ होते त्यांचे २ उरले : च२ आणि घ४.

पांढरा घ४ वर खेळतो. काळ्याचा च२ हा एकच श्वास उरतो, म्हणून त्याला तेथेच खेळणे भाग पडते. आता चार सोंगट्यांचा चौकोनी गोळा झाला असून त्याला च१ व छ२ हे दोन श्वास आहेत. पांढरा छ२ वर खेळतो. काळा च१ वर उतरला तर तो पटाच्या कडेला येतो. खाली जागा नाही, डावीकडे घ१ वर पांढरी सोंगटी आहे, आणि उरतो फक्त छ१. पांढरा छ१ वर खेळून पाचही सोंगट्या उचलतो. या मालिकेत च३ नंतर काळ्याला कोठेही सुटका नव्हती.

आता स्थिती पुन्हा पूर्ववत मांडावी आणि काळ्याने च३ ऐवजी घ४ वर सरळ पुढे जावे. घ४ हा श्वास खर्ची पडला, परंतु ग४ व घ५ हे दोन नवे मिळाले. एकूण ४ झाले : च२, च३, ग४, घ५. पांढऱ्याने ग४ वर अडविले तर काळा घ५ वर पुढे सरकतो आणि श्वास ५ होतात. पांढऱ्याने घ५ वर वाट रोखली तर काळा ग४ वर वळतो. तेव्हाही श्वास ४ राहतात आणि ग२-ग३ या पांढऱ्या सोंगट्या वरच्या सोंगट्यांपासून तुटतात. गट मोकळ्या जागेत बाहेर पडला. एकाच खेळीतील फरकाने एका बाजूस पाच सोंगट्यांचे मरण आणि दुसऱ्या बाजूस सुटका, असा हा हिशेब आहे.

जोडलेले पुन्हा जोडणे

रिकामा त्रिकोण होण्याचे दुसरे कारण म्हणजे भीती. समजा, काळ्याच्या घ५ व च६ अशा दोन तिरप्या सोंगट्या आहेत आणि जवळपास पांढऱ्याचे काही नाही. त्या रेषेने लागून नाहीत, म्हणून प्रतिपक्ष त्या तोडील असे नवशिक्यास वाटते व तो च५ वर तिसरी सोंगटी ठेवून त्या जोडून टाकतो. घ६ हा कोपरा रिकामा राहतो. अर्थात हा रिकामा त्रिकोण झाला.

वास्तविक त्या दोन सोंगट्यांना जोडणारे बिंदू दोन आहेत : घ६ व च५. पांढरा एका खेळीत त्यांपैकी एकच घेऊ शकतो. तो घ६ वर आला की काळ्याने च५ घ्यावा. तो च५ वर आला की घ६ घ्यावा. जोड तुटत नाही. म्हणून प्रतिपक्षाने हात घालण्यापूर्वी जोडणे म्हणजे एक पाळी वाया घालविणे होय. तेवढ्यात पांढरा पटावर अन्यत्र मोक्याची जागा घेतो.

आता पांढरा घ६ वर आल्यानंतर काळ्याने च५ घेतला, तर काळ्याच्या घ५, च५, च६ या सोंगट्या पुन्हा काटकोनातच येतात. परंतु चौथ्या कोपऱ्यावर पांढरी सोंगटी आहे. त्रिकोण रिकामा नाही. तेथे तिसऱ्या सोंगटीने तोड टाळण्याचे काम केले आहे. आकृती तीच, पण एका प्रसंगी सोंगटी रिकामी बसली आणि दुसऱ्या प्रसंगी ती कामास आली. रचनेचा निवाडा सोंगट्यांच्या आकारावरून नव्हे, तर प्रत्येक सोंगटीने केलेल्या कामावरून करावयाचा असतो.

हेच तत्त्व चार सोंगट्यांना लावून पाहावे. चौकोनी गोळ्यात त्यांना ८ श्वास असतात. त्याच चार सोंगट्या दोन-दोनच्या जोड्या करून, मध्ये एक रेषा मोकळी सोडून समोरासमोर ठेवल्या तर :

● ●
· ·
● ●

श्वास १० होतात, आणि मधल्या दोन बिंदूंपैकी एक पांढऱ्याने घेतला की दुसरा काळा घेतो, म्हणून जोड्या अलगही होत नाहीत. या रचनेस बांबूची गाठ म्हणतात. तितक्याच सोंगट्यांत अधिक श्वास, अधिक पसारा आणि तरीही पक्की जोड, ही सुरचनेची खूण होय.

मर्यादा

रिकामा त्रिकोण कधीच खेळू नये असा मात्र नियम करू नये. त्या खेळीने प्रतिपक्षाचा गट उचलला जात असेल, किंवा आपल्या गटाच्या बचावास तेवढीच एक जागा उरली असेल, तर कुशल खेळाडूही ती जाणून खेळतात. अशा हेतुपूर्वक खेळीला जपानीत गुझुमी हे वेगळे नाव आहे. तसेच कडेवर मोजणी बदलते. पटाच्या अगदी शेवटच्या रेषेवर तीन सोंगट्यांच्या सरळ रांगेला ५ श्वास असतात, आणि त्या रेषेवर दोन व त्यांपैकी एकीच्या वर तिसरी अशा काटकोनालाही ५ च असतात. म्हणून पाठ केलेल्या नियमापेक्षा प्रत्यक्ष मोजणी विश्वसनीय समजावी.

वर्गात घ्यावयाचे काम

विद्यार्थ्यांच्या जोड्या करून वरील स्थिती प्रत्येक पटावर मांडावी. काळ्याने प्रथम च३, नंतर पुन्हा मांडून घ४ खेळावा, आणि प्रत्येक खेळीनंतर काळ्याच्या श्वासांची संख्या पाटीवर लिहावी. पहिल्या मालिकेत काळ्याच्या प्रत्येक खेळीनंतर २, २, १ असे आकडे येतील. दुसरीत पहिला आकडा ४ येईल. ज्या विद्यार्थ्याचा आकडा चुकेल त्याने बहुधा च२ हा सामाईक श्वास दोनदा मोजलेला असतो. त्या बिंदूवर बोट ठेवून त्यास पुन्हा मोजावयास सांगावे.