अवघड परिच्छेद सोपा करताना : ‘सांस्कृतिक भांडवल’ साध्या शब्दांत



शिक्षणावरच्या लेखांत ‘सांस्कृतिक भांडवल’ हा शब्द तुम्ही कुठे ना कुठे वाचला असेल. प्रशिक्षणाच्या साहित्यात तो येतो. बी.एड. किंवा एम.ए. करणाऱ्या आपल्या मैत्रिणींच्या नोट्समध्येही असतो. पण मूळ परिच्छेद वाचायला घेतला की दुसऱ्याच ओळीत दम लागतो. मग कुणीतरी त्याचं ‘थोडक्यात’ करून देतं, आणि त्या थोडक्यात अर्थ चक्क उलटा होतो. शाळेबद्दल केलेलं विधान आई-बापांबद्दलचं होऊन बसतं. म्हणून आज एकच परिच्छेद घेऊ आणि तो पायरी-पायरीनं सोपा करू.

आधी थोडी माहिती

ही कल्पना पिएर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाची (१९३०–२००२). ते स्वतः फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडच्या एका खेड्यातले, पोस्टमनचे चिरंजीव. वेगवेगळ्या थरांतल्या मुलांना शाळेत सारखं यश का मिळत नाही, याचं उत्तर शोधताना त्यांनी ही कल्पना वापरली. उपजत हुशारी हे उत्तर त्यांना पुरेसं वाटलं नाही. १९८६ साली इंग्रजीत आलेल्या निबंधात त्यांनी या भांडवलाची तीन रूपं सांगितली : अंगात मुरलेलं (बोलण्या-वागण्याच्या सवयी), वस्तूंच्या रूपातलं (पुस्तकं, चित्रं, वाद्यं) आणि कागदावरचं (पदवी, प्रमाणपत्र).

आपला परिच्छेद

संशोधनपत्रिकांत जशी भाषा असते, तशा भाषेत हा परिच्छेद मी सरावासाठी मुद्दाम तयार केला आहे. वाक्यं फक्त चार आहेत!

> सांस्कृतिक भांडवलाच्या तीन अवस्थांपैकी देहस्थ भांडवलाचे कौटुंबिक अवकाशातील प्रदीर्घ व बहुतांशी अजाणतेपणी घडणारे संक्रमण हे वर्गीय पुनरुत्पादनाचे सर्वाधिक प्रच्छन्न माध्यम ठरते. कारण शालेय मूल्यमापनव्यवस्था ज्या भाषिक व वर्तनविषयक संकेतांचे प्रत्यक्ष अध्यापन न करता त्यांची अंतर्निहित अपेक्षा बाळगते, ते संकेत प्रभुत्वशाली वर्गाच्या गृहसंस्कारांशी मिळतेजुळते असल्याने वारशाने लाभलेली सुलभता नैसर्गिक गुणवत्ता म्हणून प्रमाणित होण्याची प्रवृत्ती दिसते, आणि तिचा अभाव व्यक्तिगत अक्षमता म्हणून वाचला जातो. तथापि हे भांडवल स्वयंसिद्ध मूल्य धारण करीत नाही. विशिष्ट क्षेत्रातील मान्यतेवरच त्याचे विनिमयमूल्य अवलंबून असते.

पायरी १ : कोण काय करतं, ते शोधा

अशा लेखनात क्रियापदं लपवून त्यांची नामं केलेली असतात. ‘संक्रमण’, ‘अध्यापन’, ‘अपेक्षा’, ‘मान्यता’. प्रत्येक नामाला विचारायचं : हे कोण करतं? कुणाला? मग माणसं दिसू लागतात.

‘संक्रमण’ म्हणजे मुलं घरातून काहीतरी उचलतात. ‘प्रत्यक्ष अध्यापन न करता अपेक्षा’ म्हणजे शाळा शिकवत नाही, पण येत असेल असं धरून चालते. ‘प्रमाणित होते’ म्हणजे शाळा त्या मुलाला हुशार ठरवते. ‘अक्षमता म्हणून वाचला जातो’ म्हणजे दुसऱ्या मुलाला कच्चं ठरवते. बघा, चारपैकी तीन ठिकाणी काम करणारी शाळा आहे. परिच्छेदाचा खरा कर्ता आपल्याला सापडला.

पायरी २ : विधानं सुटी करा

आता एका ओळीत एकच गोष्ट, अशी यादी करू.

1. मुलं घरात काही सवयी हळूहळू, नकळत उचलतात.
2. शाळा काही बोलण्या-वागण्याच्या पद्धती शिकवत नाही, पण त्यांवर मुलांना जोखते.
3. या पद्धती वरच्या वर्गातल्या घरांतल्या सवयींशी जुळतात.
4. त्यामुळे घरातून आलेली सहजता हुशारी वाटते. ती नसली तर मूल कच्चं वाटतं.
5. अशा रीतीनं आई-बापांचं समाजातलं स्थान मुलांकडे जातं, आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही.
6. या सवयींना स्वतःची अशी किंमत नाही. जिथे त्या मानल्या जातात तिथेच ती मिळते.

ही यादी म्हणजे आपलं वजनाचं माप. शेवटी आपला मजकूर याच यादीशी ताडून बघायचा आहे.

पायरी ३ : फसवे शब्द ओळखा

इथे मराठी वाचकाची खास पंचाईत होते. अवघड शब्द निदान थांबवतात तरी. ओळखीचे शब्द न थांबवता भलतीकडे नेतात.

‘सांस्कृतिक’ म्हटलं की आपल्यासमोर स्नेहसंमेलन येतं. ‘पुनरुत्पादन’ म्हटलं की विज्ञानाचा धडा. ‘भांडवल करणं’ म्हणजे तर बोलीत एखाद्या गोष्टीचा गैरफायदा उठवणं! इथे भांडवल म्हणजे साठायला वेळ लागणारी आणि पुढे दुसऱ्या फायद्यात बदलता येणारी पुंजी. सवयीतून गुण, गुणांतून पदवी, पदवीतून नोकरी.

सगळ्यात धोकादायक शब्द ‘गृहसंस्कार’. मराठीत संस्कार म्हणजे चांगलं वळण. ‘अमक्या घरात संस्कार आहेत’ असं म्हटलं की दुसऱ्या घरात ते नाहीत, असा अर्थ आपोआप निघतो. परिच्छेदात चांगल्या-वाईटाचा विषयच नाही. म्हणून मी तिथे ‘घरातल्या सवयी’ असं लिहिते. मुख्य संज्ञा मात्र टाकायची नाही, कारण वाचकाला ती पुन्हा भेटणार आहे. फक्त ती सुरुवातीला न आणता, कल्पना कळल्यावर शेवटी सांगायची.

पायरी ४ : एक उदाहरण निवडा

पहिलीच्या वर्गात चित्रवर्णन चाललंय असं समजा. एक मूल म्हणतं, “चित्रात एक नदी आहे. नदीच्या काठावर गाय पाणी पीत आहे.” दुसरं बोट ठेवून म्हणतं, “ही नदी. ही गाय पानी पितीय.” दोघांनी पाहिलं तेच, समजलंही तेच. पण ‘छान!’ बहुधा पहिल्याला मिळतं. आता विचार करा, “चित्रात... आहे” असं पूर्ण वाक्यात सांगायचं असतं, हे आपण वर्गात कधी शिकवलं होतं का? ज्या घरात झोपताना चित्रांचं पुस्तक वाचून दाखवतात, तिथल्या मुलाच्या कानावर ही वाक्यं शेकडो वेळा पडलेली असतात.

या उदाहरणात विधान १, २ आणि ४ एकदम दिसतात. उदाहरण असंच निवडावं, ज्यात घर आणि शाळा दोन्ही दिसतील. नुसतं ‘घरी खूप पुस्तकं असलेलं मूल’ हे उदाहरण घेतलं तर शाळा चित्रातून गायब होते.

पायरी ५ : लिहा, आणि ताडून बघा

आधी घाईत केलेला सारांश कसा होतो ते पाहा :

*“ज्या घरात शिक्षण आणि संस्कार असतात, तिथली मुलं शाळेत पुढे जातात. गरीब घरांत सांस्कृतिक वातावरण नसल्यानं मुलं मागे पडतात.”*

वाचायला सोपं आहे, पण यादीशी ताडा. २ नाही, ४ नाही, ६ नाही. शाळा पूर्ण निसटली. त्याऐवजी मूळात नसलेली एक गोष्ट आली : ‘गरीब घरांत काहीतरी नाही.’ विधान ६ याच्या बरोबर विरुद्ध सांगतं. पण ते शेवटी ‘तथापि’नंतर येतं, त्यामुळे कापताना पहिली कात्री त्याच्यावरच चालते.

विधान ६ किती खरं असू शकतं, याचं एक उदाहरण. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाशी व्यवहार करताना मुलांची सुमारे ९८ टक्के गणितं बरोबर आली. तशीच गणितं नुसत्या आकड्यांत मांडून दिल्यावर बरोबर उत्तरं सुमारे ३७ टक्क्यांवर आली. मुलं पाचच होती, त्यामुळे यावरून सगळ्या मुलांबद्दल बोलता येणार नाही. पण मुलाला येतं ते आणि शाळा मोजते ते एकच नसतं, एवढं यातून नक्की दिसतं.

आता माझा मसुदा :

*“शाळा काही गोष्टी शिकवत नाही, पण त्या मुलांना येत असतील असं धरून चालते. जसं पूर्ण वाक्यात, प्रमाण भाषेत बोलणं. काही घरांत, विशेषतः शिकल्या-सवरल्या, सुस्थितीतल्या घरांत, मुलं या गोष्टी वर्षानुवर्षं ऐकून नकळत उचलतात. अशी मुलं शाळेला हुशार वाटतात, बाकीची कच्ची. खरं तर हा फरक फक्त सवयींचा असतो.”*

यात दोन अडचणी आहेत. एक, विधान ५ आणि ६ अजून आलेली नाहीत. दोन, शेवटचं वाक्य मूळापेक्षा जास्त बोलतं. मूळात ‘प्रवृत्ती दिसते’ असं आहे, म्हणजे बहुधा असं होतं, नेहमीच नाही. वर्गातला प्रत्येक फरक सवयींमुळेच असतो, असं लेखकानं म्हटलेलं नाही. ‘बहुधा’, ‘बऱ्याचदा’ हे शब्द छोटे असतात, पण ते काढले की विधानच बदलतं. दुरुस्त करून :

> शाळा काही गोष्टी शिकवत नाही, पण त्या मुलांना येत असतील असं धरून चालते. जसं पूर्ण वाक्यात, प्रमाण भाषेत बोलणं. सुस्थितीतल्या, शिकलेल्या घरांत मुलं या गोष्टी वर्षानुवर्षं ऐकून नकळत उचलतात. मग बऱ्याचदा ही सवय शाळेला हुशारी वाटते, आणि ज्यांना ती नाही ती मुलं कच्ची वाटतात. अशा रीतीनं आई-बापांचं समाजातलं स्थान कुणाच्या लक्षात न येता मुलांकडे जातं. या सवयी मुळात श्रेष्ठ नसतात. शाळा त्यांना मानते म्हणून त्यांना किंमत येते. अशा पुंजीला समाजशास्त्रात ‘सांस्कृतिक भांडवल’ म्हणतात.

सहाही विधानं आली. ‘तीन अवस्था’ मी वगळल्या, कारण परिच्छेदाचा मुद्दा एकाच रूपाबद्दल आहे. शब्दसंख्या फार कमी झालेली नाही, हेही तुमच्या लक्षात येईल. दाट मजकूर सोपा करताना तो थोडा पसरतोच. कमी करायचा असतो तो वाचकाचा शीण.

शेवटची चाचणी

तयार मजकूर हा विषय माहीत नसलेल्या एखाद्या व्यक्तीला वाचायला द्या आणि एकच प्रश्न विचारा : “मग यात बदलायला कुणी हवं?” उत्तर ‘पालकांनी’ असं आलं, तर सारांश पुन्हा लिहा. ‘शाळेनं जे धरून चालते ते शिकवायला हवं’ अशा अर्थाचं उत्तर आलं, तर परिच्छेद वाचकापर्यंत नीट पोचला. हा उपाय स्वतः परिच्छेदात दिलेला नाही, पण अर्थ बरोबर कळलेला वाचक तिथेच पोचतो.

सरावासाठी घाईत केलेला तो दोन वाक्यांचा सारांश पुन्हा घ्या. त्यातले फक्त चार-पाच शब्द बदलून तो मूळाशी प्रामाणिक करता येतो का, ते करून बघा. मी सांगते, येत नाही. कर्ताच बदलावा लागतो.