आधी वस्तुमान जुळवा, मग बलं तोला

‘पुढील संयुगं उत्कलनांकाच्या चढत्या क्रमाने लिहा’ हा प्रश्न अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात दरवर्षी कुठे ना कुठे भेटतोच. हा भाग शिकवताना मला दिसतं, की मुलं एक ओळ पाठ करून आलेली असतात: हायड्रोजन बंध सर्वांत प्रबळ, त्याखाली द्विध्रुवांचं आकर्षण, आणि तळाला लंडन बल. ही ओळ चुकीची नाही, पण ती एका अटीवर खरी आहे आणि ती अट सहसा कुणी सांगत नाही. ती अट कोणती आणि ती मोडली की काय करायचं, हे फळ्यापुढे उभं राहून जसं उलगडत गेलं तसं इथे मांडतो.

१. उकळताना रेणू फुटत नाही.

प्रोपेनॉल उशिरा का उकळतं, असं विचारलं की हमखास उत्तर येतं, ‘सर, त्यातला O–H बंध मजबूत असतो म्हणून.’ हे उत्तर मी तिथेच थांबवतो. पाण्याची वाफ झाली तरी ती H₂O च राहते. रेणूच्या आतला O–H बंध तोडायला मोलमागे साधारण ४६० किलोज्यूल लागतात. दोन रेणूंमधला हायड्रोजन बंध मात्र वीसेक किलोज्यूलचा असतो आणि उकळताना सुटतो तो हाच. क्रम लावताना बघायची ती रेणूची शेजाऱ्यावरची पकड, त्याची स्वतःची मजबुती नव्हे.

२. प्रत्येक संयुगासमोर आधी मोलर वस्तुमान लिहा. ते सारखं असेल, तरच बलांची उतरंड जशीच्या तशी लावा.

हीच ती न सांगितलेली अट. ती दाखवायला मी एक ठरलेला संच घेतो: ब्युटेन, मिथॉक्सीइथेन, ॲसिटोन, प्रोपेन-१-ऑल, ॲसेटिक आम्ल आणि इथिलीन ग्लायकॉल. सगळ्यांचं मोलर वस्तुमान ५८ ते ६२ च्या दरम्यान येतं. इलेक्ट्रॉनांची संख्याही जवळपास सारखी, बरोबर ३२ किंवा ३४. लंडन बल या सहाही जणांत आहेच आणि साधारण सारखंच आहे. म्हणजे जो फरक दिसेल, तो उरलेल्या दोन बलांचा.

ब्युटेनमध्ये लंडन बलाखेरीज सांगण्यासारखं काहीच नाही. तो शून्याच्याही किंचित खाली, उणे ०.५ अंश सेल्सिअसला उकळतो. मिथॉक्सीइथेन हा ईथर आहे. त्यात ऑक्सिजन आहे, रेणू वाकडा आहे, पण द्विध्रुव बेताचाच, १.२ डिबायच्या आसपास. तो उकळतो सातेक अंशांना. निव्वळ ध्रुवीय असण्याने जेमतेम आठ अंश पदरात पडले, हे पाहून मुलांना नवल वाटतं. ॲसिटोनमधला C=O गट जास्त जोरकस, द्विध्रुव २.९ डिबायच्या जवळ, म्हणून उत्कलनांक थेट ५६. तेव्हा ‘ध्रुवीय आहे’ एवढं म्हणून भागत नाही, किती ध्रुवीय हेही पाहावं लागतं.

पुढे प्रोपेन-१-ऑल येतं आणि उत्कलनांक ९७ वर जातो. द्विध्रुव मोजला तर तो ॲसिटोनपेक्षा कमी, १.७ डिबायच्या आसपास. तरीही चाळीस अंशांची उडी, कारण इथे O–H आहे आणि शेजारच्या ऑक्सिजनशी त्याचा हायड्रोजन बंध जुळतो. ॲसेटिक आम्लाचे दोन रेणू समोरासमोर येऊन दोन-दोन हायड्रोजन बंधांनी जोडी बांधू शकतात. त्याचा उत्कलनांक ११८. ग्लायकॉलच्या एकाच रेणूला दोन टोकांना दोन O–H. त्याचा उत्कलनांक १९७. वस्तुमान साठाच्या आसपासच राहिलं आणि उत्कलनांक मात्र जवळजवळ दोनशे अंशांनी वर गेला. हा संच एकदा नीट समजला की उतरंड वेगळी पाठ करावी लागत नाही.

३. हायड्रोजन बंधाला देणारा आणि घेणारा, दोघेही हवेत.

याच संचात एक प्रश्न दडलेला आहे. ॲसिटोनमध्ये ऑक्सिजन आहे, हायड्रोजनही सहा आहेत. मग त्याच्यात हायड्रोजन बंध का नाही? कारण ते सहाही हायड्रोजन कार्बनवर बसलेले आहेत. बंध देण्याइतका उघडा पडलेला हायड्रोजन हवा असेल, तर तो नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा फ्लोरीनला थेट चिकटलेला असावा लागतो. ॲसिटोन पाण्याकडून बंध घेतं, म्हणून पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळतं. पण ॲसिटोनच्या बाटलीत देणारा कुणीच नसतो. विद्राव्यतेचं कारण उत्कलनांकाला लावलं, की उत्तर हमखास चुकतं.

सूत्राकडे पाहू नका, रचना काढा, असं मी म्हणतो ते यासाठीच. C₃H₉N या एकाच सूत्राचं प्रोपिलअमीन ४८ अंशांना उकळतं आणि ट्रायमिथिलअमीन ३ अंशांना. दुसऱ्यात नायट्रोजनवर एकही हायड्रोजन उरलेला नाही.

बंध असला तरी तो किती जोराचा आणि किती संख्येने, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हायड्रोजन फ्लोराइड आणि पाणी यांची वस्तुमानं २० आणि १८. एकेकटा बंध पाहिला तर फ्लोराइडचा जास्त जोरदार. पण त्याच्याकडे द्यायला एकच हायड्रोजन, पाण्याकडे दोन, आणि घ्यायला इलेक्ट्रॉनांच्या जोड्याही दोनच, म्हणजे हिशेब चोख बसतो. म्हणून फ्लोराइड १९.५ अंशांना उकळतं आणि पाणी १०० ला.

४. हायड्रोजन बंध हुकमाचा एक्का नव्हे.

वस्तुमान जुळत नसेल, तर उतरंड बाजूला ठेवून तराजू हातात घ्यावा लागतो. पंधराव्या गणातल्या हायड्राइडांचा क्रम यासाठी सर्वांत चांगला. हायड्रोजन बंध फक्त अमोनियात आहे, म्हणून मुलं अमोनियाला डोळे झाकून सर्वांत वर बसवतात. प्रत्यक्षात फॉस्फीन उणे ८८, आर्सीन उणे ६२, अमोनिया उणे ३३ आणि स्टिबीन उणे १७. अमोनियाने आपल्याहून जड असलेल्या दोघांना मागे टाकलं, तिसऱ्यापुढे मात्र तो हरला. अमोनियात दहा इलेक्ट्रॉन आहेत, स्टिबीनमध्ये चोपन्न. अमोनियाचा नायट्रोजन ऑक्सिजनइतका ओढाळ नाही, शिवाय त्याच्याकडे हायड्रोजन तीन असले तरी घ्यायला इलेक्ट्रॉनांची जोडी एकच. एवढ्या बळावर चोपन्न इलेक्ट्रॉनांच्या लंडन बलाशी त्याचा निभाव लागत नाही.

पाण्यालाही हा नियम लागू आहे. हेप्टेन ९८ अंशांना उकळतं, म्हणजे पाण्याच्या जवळपास, आणि ऑक्टेन १२६ ला. हेप्टेनमध्ये एकही हायड्रोजन बंध नाही. तरीही १०० वस्तुमानाचं हेप्टेन १८ वस्तुमानाच्या पाण्याला गाठतं. हेच पाण्याच्या बाजूने पाहिलं, तर हायड्रोजन बंधांची ताकद किती, याचा यापेक्षा चांगला अंदाज मला दुसरा माहीत नाही.

५. वस्तुमान हे कारण नाही, खूण आहे.

या मुद्द्यावर मी सर्वांत जास्त वेळ देतो, कारण पुष्कळ नोट्समध्ये ‘जड रेणू उडायला जास्त ऊर्जा लागते’ असं लिहिलेलं असतं. हेक्झेनचं वस्तुमान ८६ आणि उत्कलनांक ६९. त्यातला प्रत्येक हायड्रोजन काढून फ्लोरीन बसवला की परफ्लुरोहेक्झेन होतं, वस्तुमान ३३८. जडपणाच कारण असता, तर हे संयुग फार वर उकळायला हवं होतं. ते ५७ अंशांना उकळतं, हेक्झेनच्याही खाली.

फ्लोरीन आपले इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवतो. लंडन बल उपजतं ते इलेक्ट्रॉनांचा ढग क्षणभर एका बाजूला झुकण्यातून. फ्रिट्झ लंडन यांनी १९३० मध्ये याचा गणिती पाया घातला, म्हणून त्यांचं नाव. ढग जितका मोठा आणि सैल, तितकं हे बल जास्त. एरवी वस्तुमान वाढतं तेव्हा इलेक्ट्रॉनही वाढतात, ढगही सैल होतो, म्हणून वस्तुमानाची खूण बहुतेक वेळा चालते. फ्लोरीन दिसला की तिच्यावर विसंबू नये.

हीच गोष्ट हॅलोजनांच्या हायड्राइडांत दिसते. HCl चा द्विध्रुव १.०८ डिबाय आणि HI चा ०.४४. ध्रुवीयतेने पाहिलं तर HCl वर हवं, पण ते उणे ८५ ला उकळतं आणि HI उणे ३५ ला. आयोडीनचा मोठा, सैल ढग द्विध्रुवातली तूट भरून काढतो आणि वर पुरून उरतो. क्लोरोफॉर्म ध्रुवीय, कार्बन टेट्राक्लोराइड अध्रुवीय, तरी पहिल्याचा उत्कलनांक ६१ आणि दुसऱ्याचा ७७, यामागेही हेच.

६. सगळं जुळलं तरी आकार पाहा.

पेंटेनची तीन रूपं, सूत्र एकच. सरळ साखळीचं पेंटेन ३६, एक फांदी असलेलं आयसोपेंटेन २८, आणि गोळ्यासारखं निओपेंटेन ९.५. लांब रेणू मोळीतल्या उसांसारखे अंगाला अंग लावून बसतात. गोलसर रेणू एकमेकांना जेमतेम शिवतात, त्यामुळे लंडन बलाला पृष्ठभागच कमी मिळतो.

आणि O–H दिसला तरी तो कुणाशी बांधलेला आहे हे पाहा. ऑर्थो-नायट्रोफेनॉलमध्ये O–H शेजारच्याच नायट्रो गटाशी, म्हणजे रेणूच्या आतच, बंध करून बसतो आणि शेजारच्या रेणूसाठी फारसं काही उरत नाही. पॅरामध्ये हे दोन गट समोरासमोरच्या टोकांना असल्याने बंध बाहेरच करावा लागतो. ऑर्थो २१६ अंशांना उकळतं, पॅरा २७९ च्या आसपास. प्रयोगशाळेत या दोघांचं मिश्रण बाष्पऊर्ध्वपातनाला लावलं की ऑर्थो वाफेबरोबर निघून जातं आणि पॅरा चंबूत राहतं. हा प्रयोग शक्य असेल तिथे मुलांना दाखवावाच.

७. जवळच्या जोड्यांवर पैज लावू नका.

डायइथिल ईथरचं वस्तुमान ७४, पेंटेनचं ७२. ईथर थोडा जड, शिवाय ध्रुवीय. आतापर्यंतच्या हिशेबाने तो वर यायला हवा. तो ३४.६ ला उकळतो, पेंटेन ३६ ला. पेंटेनमधल्या एका CH₂ च्या जागी ईथरमध्ये ऑक्सिजन आहे. तो आपले इलेक्ट्रॉन CH₂ पेक्षा घट्ट धरतो, त्यामुळे द्विध्रुवाने जे मिळवलं ते लंडन बलात गेलं. दहा अंशांच्या आतला फरक या पद्धतीने खात्रीने सांगता येत नाही. तिथे तक्ता उघडावा.

म्हणून प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे: अशा जोड्या क्रम लावायला देऊ नका. द्यायच्याच असतील तर उत्कलनांकही द्या आणि कारण विचारा. आणि मुलांनी नुसता क्रम लिहिला तर त्याला पूर्ण गुण देऊ नका. प्रत्येक ‘पेक्षा कमी’च्या चिन्हाखाली कोणतं बल, आणि वस्तुमान सारखं की वेगळं, एवढे चार शब्द लिहून घ्या.