पावसाळ्यात आतले कपडे कोणत्या कापडाचे?

जुलै लागला की जांघेतल्या नायट्याचे रुग्ण वाढतात. ठाण्यात दुचाकीवरून पार्सलं पोचवणारा एक तरुण मलमाने बरा व्हायचा आणि थोड्याच दिवसांत पुन्हा यायचा. त्याच्या सगळ्या चड्ड्या घट्ट, पॉलिएस्टरच्या. थंड पाण्यात घरच्या कपड्यांबरोबर धुवायच्या, खोलीतल्या दोरीवर रात्रभर टाकायच्या आणि सकाळी दमट असल्या तरी चढवायच्या.

100 ग्रॅम पॉलिएस्टर हवेतला जेमतेम अर्धा ग्रॅम ओलावा शोषतं, सुती कापड सात-आठ ग्रॅम आणि मोडल अकरा ते तेरा. पॉलिएस्टरमध्ये घाम धाग्यात शिरत नाही, धाग्यांवर पसरतो. वारा लागला तर पटकन उडतो, म्हणून ते खेळाडूंना सोयीचं. पण रेनकोटच्या पँटखाली वारा कुठला? तिथे घाम कातडीवरच राहतो. शिवाय घामातला तेलकट अंश या कापडाला चिकटतो, त्यामुळे धुतल्यावरही वास मारतो.

मोडल बीच झाडाच्या लगद्यापासून बनतं. ते अतिशय मऊ असतं, मांड्या घासून सोलवटणाऱ्यांना मी ते सुचवते. मात्र भिजलं की वाळायला वेळ लागतो आणि लेबलवर बहुधा 40 अंशांचीच मर्यादा असते.

सुती कापडही ओलं राहतं, हे खरं. तरी नायटा असेल तर मी तेच घ्यायला सांगते, कारण ते गरम पाणी सोसतं. कातडीच्या कोंड्याबरोबर बुरशीचे बीजाणू कापडात अडकतात. थंड पाण्यात ते मरत नाहीत, उलट इतर कपड्यांना लागतात. ते मरायला साधारण 60 अंशांचं पाणी हवं. मशीन नसेल तर बादलीत निम्मं उकळतं आणि निम्मं नळाचं पाणी घ्या, साबण घाला, चड्ड्या उलट्या करून काठीने बुडवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. मग दोनदा खळबळा, कारण उरलेला साबणही खाज आणतो. ऊन नसेल तर पंख्याखाली वाळवून शिवणींवरून इस्त्री फिरवा. कापड कोरडं लागलं तरी कमरेची पट्टी चिमटीत दाबून बघा, ओल तिथेच उरते.

त्या तरुणाने सैल सुती चड्ड्या घेतल्या, दुपारी बदलायला एक पिशवीत ठेवली आणि कपडे वेगळे धुतले. औषधाच्या दुकानातून आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम मी बंद केलं. त्याने लाली दबते आणि नायटा आत पसरत राहतो. बुरशीवरची गोळी त्याने खाज थांबल्यावरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत घेतली.

स्त्रियांनी नायलॉनची चड्डी घेतलीच, तर निदान मधला पट्टा सुती आहे का ते पाहावं. जंतुनाशक द्रव शेवटच्या पाण्यात टाकू नये, नाजूक कातडी त्याने भाजते. ब्लीचही टाळावं. रबरी इलास्टिकवर त्याची क्रिया होऊन ॲलर्जी आणणारा पदार्थ तयार होऊ शकतो. खाज फक्त कमरेच्या पट्टीखालच्या रेषेत असेल, तर बुरशीचं मलम न लावता आधी ती पट्टी बदला आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.